घसाऱ्याच्या दोन वह्या आणि डिफर्ड टॅक्स: भोसरीतल्या एका व्हीएमसीचा पूर्ण हिशोब

मार्चअखेरचा ताळेबंद जुळत आला की शेवटी एक ओळ उरते, डिफर्ड टॅक्सची. बऱ्याच ऑफिसांत ती अशी भरली जाते: कंपनी कायद्याप्रमाणे आलेला वर्षाचा घसारा घ्यायचा, इन्कम टॅक्सचा घसारा घ्यायचा, दोन्हींच्या फरकाला दराने गुणायचं आणि एंट्री टाकायची. त्या वर्षी मशीन विकलेलं नसेल आणि टॅक्सचा दरही बदललेला नसेल, तर उत्तर बरोबर येतं. यातलं काहीही घडलं की हीच पद्धत चुकीचा आकडा देते. ती चूक शिलकेत बसते आणि वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते.

म्हणून इथे हिशोब उलट्या बाजूने मांडला आहे: आधी वर्षअखेरची शिल्लक काढायची, मग सुरुवातीची शिल्लक वजा करायची, आणि उरेल ती रक्कम नफा-तोटा पत्रकात न्यायची. सगळं एएस २२, म्हणजे उत्पन्नावरच्या करांचं अकाउंटिंग स्टँडर्ड, पाळणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला धरून आहे. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांना इंड एएस १२ बघावं लागतं, त्याची मांडणी वेगळी आहे.

एकाच मशीनचे दोन घसारे

उदाहरणासाठी भोसरी एमआयडीसीतली एक कंपनी घेऊ, काम ऑटो पार्ट्सच्या मशीनिंगचं. तिने एक व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, घेतलं. जीएसटीचं क्रेडिट घेतल्यामुळे तो वगळून किंमत ६०,००,००० रुपये. मशीन १ जानेवारी २०२४ ला तयार झालं आणि त्याच दिवशी उत्पादनाला लागलं. कंपनीने कलम ११५बीएए चा सवलतीच्या दराचा पर्याय घेतलेला आहे. म्हणजे टॅक्स २२ टक्के, त्यावर १० टक्के सरचार्ज आणि त्या दोन्हींवर ४ टक्के सेस. गुणाकार केला की २५.१६८ टक्के होतात. डिफर्ड टॅक्सला हाच पूर्ण दर लागतो. नुसत्या २२ टक्क्यांनी काढलेला आकडा कमी पडतो, आणि ही चूक अजूनही दिसते.

कंपनीच्या वहीत घसारा सरळ रेषेच्या पद्धतीने आहे. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल २ प्रमाणे सर्वसाधारण प्लँट-मशिनरीचं आयुष्य १५ वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत ५ टक्क्यांपर्यंत. ६० लाखांतून ३ लाख वजा केले की ५७ लाख उरतात, त्यांना १५ ने भागलं की वर्षाला ३,८०,००० रुपये. पहिल्या वर्षी तीनच महिने, म्हणून ९५,००० रुपये.

इन्कम टॅक्सच्या वहीत मशीन १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच दराच्या मालमत्तांच्या गटात, जातं आणि घसारा घटत्या शिलकेवर लागतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, म्हणून निम्मा दर, म्हणजे ७.५ टक्के: ४,५०,००० रुपये. ११५बीएए घेतलं की २० टक्क्यांचा अतिरिक्त घसारा मिळत नाही, तेव्हा तो विषय इथेच संपतो.

या १८० दिवसांकडे जरा थांबून बघायला हवं. आपल्याकडे नवं मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायची पद्धत आहे आणि दसरा नेमका या सीमेच्या आसपास येतो. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तेव्हा ३ ऑक्टोबरला वापरात आलेलं मशीन ३१ मार्चपर्यंत बरोबर १८० दिवस भरतं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे त्या दिवशी सुरू झालेल्या मशीनला पूर्ण १५ टक्के. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, तिथे निम्मे. फक्त पूजा झाली म्हणजे मशीन वापरात आलं असं होत नाही. कमिशनिंग रिपोर्ट आणि त्या तारखेचं पहिलं जॉब कार्ड फाइलला लावून ठेवा.

कंपनीच्या वहीत मात्र घसारा मशीन वापरायला तयार झाल्या दिवसापासून सुरू होतो. मशीन २० मार्चला तयार झालं आणि पहिला जॉब एप्रिलमध्ये निघाला, तर त्या वर्षी वहीत घसारा लागेल आणि टॅक्समध्ये शून्य. दोन्ही शीटमध्ये एकच तारीख कॉपी करण्याची सवय इथे नडते.

शिलकेवरून डीटीएल, म्हणजे डिफर्ड टॅक्स लायबिलिटी

आता प्रत्येक ३१ मार्चला दोन किमती शेजारी ठेवायच्या: आपल्या वहीतली निव्वळ किंमत आणि टॅक्समधली डब्ल्यूडीव्ही, म्हणजे टॅक्सचा घसारा वजा जाऊन उरलेली किंमत.

| तारीख | वहीतली किंमत | टॅक्सची डब्ल्यूडीव्ही | फरक | २५.१६८ टक्क्यांनी डीटीएल |
|---|---|---|---|---|
| ३१-३-२०२४ | ५९,०५,००० | ५५,५०,००० | ३,५५,००० | ८९,३४६ |
| ३१-३-२०२५ | ५५,२५,००० | ४७,१७,५०० | ८,०७,५०० | २,०३,२३२ |
| ३१-३-२०२६ | ५१,४५,००० | ४०,०९,८७५ | ११,३५,१२५ | २,८५,६८८ |

वहीतली किंमत जास्त असेल तर ती लायबिलिटी. हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेतलं की बाजू चुकत नाही. ३१ मार्च २०२६ ला वही सांगते, की या मशीनचे ५१.४५ लाख अजून खर्ची पडायचे आहेत. टॅक्स खातं सांगतं, की आमच्याकडे वजावट मागायला ४०.१० लाखच उरलेत. म्हणजे ११.३५ लाखांची वजावट आपण आधीच वापरून टॅक्स वाचवला. पुढे कधीतरी तेवढ्या उत्पन्नावर वजावटीविना टॅक्स भरावा लागेल. तो पुढचा टॅक्स आज नोंदवायचा, तीच डीटीएल. टॅक्सची डब्ल्यूडीव्ही जास्त असेल तर सगळं उलट, आणि ती डिफर्ड टॅक्स अ‍ॅसेट, म्हणजे डीटीए.

हा फरक किती काळ वाढतो? टॅक्सचा घसारा दरवर्षी घटतो, वहीतला ३,८०,००० वर स्थिर राहतो. या मशीनसाठी २०२८-२९ मध्ये टॅक्सचा घसारा ४,३४,५७० येतो आणि २०२९-३० मध्ये ३,६९,३८५. म्हणजे ३१ मार्च २०२९ ला डीटीएल सर्वांत उंच, साधारण ३,८८,२०० रुपये, आणि पुढच्या वर्षापासून उतार. डिसेंबर २०३८ मध्ये वहीतलं आयुष्य संपून ३ लाख उरतात. ३१ मार्च २०३९ ला टॅक्समध्ये मात्र सुमारे ४,८४,८०० रुपये शिल्लक असतात, कारण घटत्या शिलकेची पद्धत शून्यावर कधीच पोचत नाही. अशा रीतीने त्याच मशीनची लायबिलिटी शेवटी सुमारे ४६,५०० रुपयांची डीटीए होते. जुन्या कारखान्यांच्या ताळेबंदात डीटीए दिसली की लोक दचकतात. बहुतेक वेळा कारण इतकं साधं असतं: मशीनं वहीत संपलेली असतात आणि ब्लॉकमध्ये जिवंत असतात.

टॅक्समध्ये वस्तू नसते, ब्लॉक असतो

त्याच कंपनीने १ एप्रिल २०२४ ला फोन, कॉपियर अशी ४,००,००० रुपयांची ऑफिस उपकरणं घेतली आणि त्याच दिवशी वापरायला काढली. शेड्यूल २ मध्ये त्यांचं आयुष्य ५ वर्षं, म्हणून वर्षाला ७६,००० रुपये घसारा. टॅक्समध्ये ही उपकरणंही त्याच १५ टक्क्यांच्या प्लँट-मशिनरी ब्लॉकमध्ये जातात: पहिल्या वर्षी ६०,०००, दुसऱ्या वर्षी ५१,०००. ३१ मार्च २०२६ ला वहीत २,४८,००० आणि टॅक्समध्ये २,८९,००० उरतात. इथे ४१,००० रुपयांचा फरक उलट बाजूला आहे, म्हणजे १०,३१९ रुपयांची डीटीए.

टॅक्सच्या वहीत ब्लॉकला व्हीएमसी आणि कॉपियर वेगळे माहीत नसतात. म्हणून वस्तूवार डिफर्ड टॅक्स काढत बसण्यापेक्षा फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, टॅक्स ब्लॉकचा, आणि प्रत्येक वस्तूपुढे १५, ४०, १० असा ब्लॉक लिहा. मग वहीतली किंमत ब्लॉकवार एकत्र करून टॅक्स ऑडिट रिपोर्टच्या, म्हणजे फॉर्म ३सीडीच्या, क्लॉज १८ मधल्या ब्लॉकच्या डब्ल्यूडीव्हीशेजारी ठेवा. आपल्या उदाहरणात:

३१ मार्च २०२५ ला वहीत ५८,४९,०००, ब्लॉकमध्ये ५०,५७,५००. फरक ७,९१,५००, डीटीएल १,९९,२०५.

३१ मार्च २०२६ ला वहीत ५३,९३,०००, ब्लॉकमध्ये ४२,९८,८७५. फरक १०,९४,१२५, डीटीएल २,७५,३६९.

एक्सेलमध्ये प्रत्येक ब्लॉकला एक ओळ पुरते. B रकान्यात वहीतली किंमत, C मध्ये ब्लॉकची डब्ल्यूडीव्ही:

```
=ROUND((B5-C5)*25.168%,0)
```

उत्तर धन आलं तर डीटीएल, ऋण आलं तर डीटीए. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच इन्कम टॅक्स कायद्याखालचे असल्यामुळे ताळेबंदात निव्वळ एकच आकडा जातो. टीपेत मात्र फोड द्यावी लागते.

किमती शेजारी ठेवण्याआधी तीन गोष्टी बाजूला काढा. मालकीची जमीन वहीत असते, पण तिच्यावर टॅक्समध्ये घसारा नसतो आणि वहीतही नसतो. ती बेरजेत राहिली तर लाखोंची खोटी डीटीएल तयार होते. दुसरी गोष्ट गुडविल: २०२१ च्या फायनान्स अ‍ॅक्टपासून त्यावर टॅक्सचा घसारा नाही, त्यामुळे त्याचा फरक पुढे उलटणारा, म्हणजे वेळेचा, न राहता कायमचा झाला आहे. मालमत्तेचं पुनर्मूल्यांकन केलं असेल, तर वाढवलेली रक्कमही टॅक्सला माहीत नसते. एएस २२ च्या तुलनेसाठी ती बाजूला काढून मूळ खर्चावरची वहीतली किंमतच घ्या.

आणखी एक जागा जिथून फरक निसटतो. किरकोळ रकमेची हत्यारं, गेज, पंखे कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे खर्चातच टाकते, पण टॅक्स ऑडिटर ती ब्लॉकमध्ये घेतो. अशा वस्तू रजिस्टरमध्ये शून्य किमतीने राहिल्या तरच तुलनेत येतात. रजिस्टरमधून त्या पूर्णपणे गायब असतील, तर ब्लॉकचा आकडा कुठून मोठा आला हे दोन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

एंट्री आणि तिचा पडताळा

२०२५-२६ साठी नफा-तोटा पत्रकात जाणारी रक्कम म्हणजे दोन शिलकांमधला फरक: २,७५,३६९ वजा १,९९,२०५, म्हणजे ७६,१६४ रुपये.

डिफर्ड टॅक्स खर्च खातं नावे ७६,१६४
डिफर्ड टॅक्स लायबिलिटी खातं जमा ७६,१६४

टॅलीमध्ये हे लेजर प्रोव्हिजन्स गटात उघडण्याची चूक फार होते. तो गट करंट लायबिलिटीजच्या पोटात आहे. शेड्यूल ३ प्रमाणे डिफर्ड टॅक्स कायम नॉन-करंट असतो, मग त्यातला काही भाग पुढच्याच वर्षी उलटणार असला तरी. चुकीच्या गटामुळे करंट रेशो बिघडतो, आणि कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाच्या वेळी बँक नेमकं तेच विचारते.

आता पडताळा. ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि ती टाळू नये. समजा २०२५-२६ चा टॅक्सपूर्व नफा ४०,००,००० रुपये आहे आणि घसाऱ्याशिवाय दुसरा फरक नाही. वहीतला घसारा ३,८०,००० अधिक ७६,०००, म्हणजे ४,५६,०००, तो परत मिळवला. टॅक्सचा घसारा ७,०७,६२५ अधिक ५१,०००, म्हणजे ७,५८,६२५, तो वजा केला. करपात्र उत्पन्न ३६,९७,३७५ आणि त्यावर चालू टॅक्स ९,३०,५५५. त्यात डिफर्ड टॅक्स ७६,१६४ मिळवला की १०,०६,७१९ होतात.

४०,००,००० चे थेट २५.१६८ टक्के म्हणजे १०,०६,७२०. एक रुपयाचा फरक आकडे पूर्णांकात घेतल्याचा.

दोन्ही आकडे जुळायलाच हवेत, कारण वेळेचे फरक एकूण टॅक्स खर्च बदलत नाहीत, फक्त चालू आणि डिफर्ड असा वाटतात. कायमचे फरक, जसं दंड किंवा सीएसआरचा खर्च, असतील तर ते आधी नफ्यात मिळवून मग दर लावा. तरीही जुळत नसेल तर तफावतीला दराने भागा. जी रक्कम येईल ती बहुतेक वेळा ओळखीची निघते: एखाद्या विक्रीचा नफा, एखाद्या वस्तूची किंमत, नाहीतर मागच्या वर्षी ऑडिटनंतर बदललेला घसारा.

मशीन विकलं त्या वर्षी

इथेच वर्षाच्या घसाऱ्याच्या फरकावर चालणारी पद्धत मोडते. समजा तेच व्हीएमसी ३१ मार्च २०२६ ला ४८,००,००० ला विकलं. वहीत त्या दिवसापर्यंतचा घसारा लावून किंमत ५१,४५,०००, म्हणून ३,४५,००० चा तोटा नफा-तोटा पत्रकात आला. टॅक्समध्ये हा तोटा अस्तित्वातच नाही. तिथे विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा होते: ५०,५७,५०० वजा ४८,००,०००, उरले २,५७,५००. त्यावर १५ टक्के घसारा ३८,६२५, आणि वर्षअखेरीची डब्ल्यूडीव्ही २,१८,८७५. मशीन शेवटच्या दिवशी विकलं तरी त्या वर्षी त्याच्यावर टॅक्सचा घसारा मिळत नाही, ही गोष्टही इथे दिसते.

वहीत आता फक्त ऑफिस उपकरणं, २,४८,०००. फरक २९,१२५, डीटीएल ७,३३० रुपये. सुरुवातीची डीटीएल १,९९,२०५ होती. म्हणजे १,९१,८७५ रुपये उलटले आणि नफा-तोटा पत्रकात जमेला आले.

आता जुन्या पद्धतीने बघा. वहीतला घसारा ४,५६,०००, टॅक्सचा ३८,६२५, फरक ४,१७,३७५, त्यावर १,०५,०४५. म्हणजे ८६,८३० रुपये कमी. हे ८६,८३० म्हणजे ३,४५,००० चे २५.१६८ टक्के, वहीतल्या तोट्यावरचा टॅक्स, जो घसाऱ्याच्या ओळीत बसलाच नव्हता. वर्षाच्या बाजूने काढायचं असेलच, तर विक्रीचा नफा-तोटाही वेळेच्या फरकात धरावा लागतो: ४,५६,००० अधिक ३,४५,००० वजा ३८,६२५ केलं की ७,६२,३७५, आणि त्यावर बरोबर १,९१,८७५ येतात. शिलकेच्या पद्धतीत हे आपोआप घडतं, आठवण ठेवावी लागत नाही.

ही चूक ताळेबंदात कशी ओळखायची? कारखान्यात मशीन उरलेलं नाही, ब्लॉक रिकामा होत आलाय, आणि तरी डीटीएलच्या खात्यात ९४,००० च्या आसपास शिल्लक आहे, असं चित्र दिसतं. ती रक्कम पुढे कधीच उलटत नाही, कारण तिच्यामागे फरकच नसतो.

विक्रीची रक्कम पूर्ण ब्लॉकपेक्षा जास्त आली तर कलम ५० प्रमाणे जादा रक्कम अल्पकालीन भांडवली नफा होते आणि ब्लॉक शून्यावर येतो. तेव्हा वहीत उरलेल्या वस्तूंची पूर्ण किंमत डीटीएलला लागते, कारण टॅक्समध्ये त्यांच्यापुढे काहीच उरलेलं नाही. याच्या उलट, ब्लॉकमधल्या सगळ्या वस्तू गेल्या आणि ब्लॉकमध्ये रक्कम उरली, तर ती अल्पकालीन भांडवली तोटा होते. त्यावर पुढे घसारा मिळत नाही आणि तो फक्त भांडवली नफ्यातूनच वळता होतो. त्या तोट्यावर डीटीए दाखवण्यापूर्वी भांडवली नफा होणारच याचा ठोस पुरावा हवा. नेहमीचा धंद्याचा नफा तिथे चालत नाही.

दर बदलला तर जुनी शिल्लकही बदलते

समजा ही कंपनी आधी साध्या पद्धतीत होती, २५ टक्के, ७ टक्के सरचार्ज आणि सेस धरून २७.८२ टक्के, आणि २०२५-२६ पासून ११५बीएए घ्यायचं ठरवलं. चालू वर्षाच्या फरकाला नवा दर लावून थांबणं ही नेहमीची चूक. सुरुवातीचा ७,९१,५०० चा फरकही आता २५.१६८ टक्क्यांनीच उलटणार आहे. म्हणून त्याच्यावरचे २.६५२ टक्के, म्हणजे २०,९९१ रुपये, त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात जमा होतात. शिलकेची पद्धत असेल तर वर्षअखेरीचा फरक नव्या दराने काढला, की हेही त्यात येऊन जातं. फक्त वरच्या पडताळ्यात ते २०,९९१ वेगळी ओळ म्हणून दाखवा, नाहीतर पडताळा जुळणार नाही. या पर्यायासाठीचा फॉर्म १०-आयसी रिटर्नच्या मुदतीच्या आत भरायचा असतो आणि एकदा घेतलेला पर्याय मागे घेता येत नाही. साध्या पद्धतीत असताना अतिरिक्त घसारा घेतला असेल, तर ब्लॉक आधीच लहान झालेला असतो, तेव्हा डब्ल्यूडीव्ही रिटर्नमधूनच उचला.

डिफर्ड टॅक्सची रक्कम सूट लावून आजच्या किमतीत आणायची नसते. एएस २२ मध्ये तशी परवानगी नाही, मग फरक दहा वर्षांनी उलटणार असला तरी.

तोट्याच्या वर्षी डीटीए किती घ्यायची

नव्या युनिटला मशीनं घेतलेल्या वर्षी टॅक्सच्या घसाऱ्याने तोटा होतो आणि न शोषलेला घसारा पुढे ओढला जातो. तो ओढायला वर्षांची मर्यादा नाही, धंद्याच्या तोट्याला आठ वर्षांची आहे. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ब्लॉक आणि वही यांमधला फरक डीटीएलच राहतो, कारण तोटा झाला तरी ब्लॉक घसाऱ्याने कमी झालेलाच असतो. न शोषलेला घसारा हा त्याशिवायचा दुसरा फरक, आणि तो डीटीए आहे.

पण त्याची कसोटी कडक आहे. एरवी वेळेच्या फरकांवरच्या डीटीएला, जसं आपल्या ऑफिस उपकरणांच्या, पुढे नफा होईल याची वाजवी खात्री पुरते. न शोषलेला घसारा किंवा पुढे ओढलेला तोटा असेल, तर जवळपास पूर्ण खात्री लागते आणि तीही पटेल अशा पुराव्यासह. पुढच्या पाच वर्षांचं प्रोजेक्शन हा पुरावा नाही. एएस २२ मध्ये दिलेलं उदाहरणच बोलकं आहे: नफ्याची, रद्द केली तर मोठी भरपाई द्यावी लागेल अशी बंधनकारक निर्यात ऑर्डर. चाकणमधल्या एखाद्या वाहन कंपनीचं शेड्यूल, जे दर महिन्याला बदलतं, या कसोटीवर टिकत नाही.

तरीही एक भाग बहुतेक वेळा घेता येतो. ताळेबंदात आधीच असलेली डीटीएल उलटताना जेवढं करपात्र उत्पन्न तयार होणार आहे, तेवढ्यापुरती खात्री त्या डीटीएलमध्येच आहे. म्हणून न शोषलेल्या घसाऱ्यावरची डीटीए डीटीएलच्या रकमेपर्यंत घ्यायची आणि वरचा भाग नोंदवायचा नाही. ताळेबंदात निव्वळ आकडा शून्य दिसतो. न घेतलेली रक्कम मात्र वर्किंग शीटमध्ये लिहून ठेवा. दरवर्षी ती पुन्हा तपासावी लागते, आणि खात्री आली त्या वर्षी ती घ्यायची असते.

दोन-तीन शिफ्ट चालवणाऱ्या युनिटसाठी एक भर. शेड्यूल २ प्रमाणे, जिथे सूट नाही अशा मशीनचा त्या काळातला घसारा दोन शिफ्टला ५० टक्क्यांनी आणि तीन शिफ्टला दुपटीने वाढतो. इन्कम टॅक्समध्ये असं काही नाही. आपलं व्हीएमसी वर्षभर तीन शिफ्ट चाललं, तर वहीतला घसारा ७,६०,००० होतो, २०२५-२६ च्या टॅक्सच्या ७,०७,६२५ पेक्षा जास्त, आणि डीटीएल वाढायच्या ऐवजी त्याच वर्षी ५२,३७५ च्या फरकाने उतरू लागते. शिफ्टचा हिशोब मार्चमध्ये अंदाजाने करू नका, मशीनवार लॉगमधून दिवस मोजून घ्या.

२०२५-२६ हे १९६१ च्या कायद्याखालचं शेवटचं आर्थिक वर्ष. १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्स कायदा २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे वर्किंग शीटच्या मथळ्यात जुन्या कलमाशेजारी नवं कलम लिहून घ्या. आपल्या ब्लॉकची ३१ मार्च २०२६ ची ४२,९८,८७५ ही डब्ल्यूडीव्ही पुढच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक म्हणून तशीच उतरवायची. टॅक्स ऑडिटमध्ये तिच्यात काही दुरुस्ती झाली, तर आधी त्या तारखेची डीटीएल नव्याने काढा आणि मगच पुढच्या वर्षाला हात लावा.